लेखाचे तुकडे करायचेत, पण क्रम सुटता कामा नये. कसं करता?

परळकरीण (सोमवार, रात्री ९.४०)

आमच्या सोसायटीत एक काका आहेत, निवृत्त स्थापत्य अभियंता. मुंबईत परळजवळच्या हिंदमाता चौकात पाणी का तुंबतं यावर त्यांनी साडेचारशे शब्दांचा एक छान लेख लिहून दिला. आमच्या भागाचं एक छोटं पान मी चालवते, एक्सवर आणि थ्रेड्सवर. लांब लेख कुणी उघडत नाही हे अनुभवाने माहीत होतं. म्हणून लेख कापून बारा पोस्टी केल्या आणि एकाखाली एक टाकल्या. कापताना दोनच गोष्टी पाहिल्या. पोस्ट २८० च्या आत बसली पाहिजे आणि वाक्य मधेच तुटता कामा नये.

पाचवी पोस्ट पावसाचं पाणी समुद्रात नेणाऱ्या वाहिन्यांबद्दल होती आणि अशी संपत होती: "भरती आली की समुद्राची पातळी वाहिन्यांच्या तोंडापेक्षा वर जाते. अशा वेळी ही तोंडं दरवाजे लावून बंद केली जातात."

आणि सहावी सुरू होत होती: "कारण ती उघडी राहिली तर समुद्रच उलटा आत शिरेल."

कुणीतरी फक्त पाचवीचा स्क्रीनशॉट काढला, वर लिहिलं "बघा, आपण गुडघाभर पाण्यात आणि हे दरवाजे लावून बसतात", आणि तो दादर-लालबागच्या सगळ्या ग्रुपांवर फिरला. सहावी कुणी पाहिलीच नाही. काका दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. "मी असं लिहिलंच नव्हतं," एवढंच म्हणाले, आणि खरंच आहे ते.

आता सगळं काढून नव्याने टाकायचं आहे. एकेक पोस्ट एकटी वाचली तरी पूर्ण कळली पाहिजे आणि सगळ्या वाचल्या तर काकांनी मांडलेल्या क्रमानेच कळल्या पाहिजेत. हे दोन्ही एकत्र कसं जमवायचं?

थेट_मुद्दा

तुकडे कशाला? लिंक टाका. ज्याला वाचायचं तो वाचेल.

परळकरीण

टाकली होती. वाचणारे नऊ जण निघाले, त्यातले चार आमच्याच सोसायटीतले.

क्रमशः_आवडे

मी दिवाळी अंकांत वाढलेला माणूस, त्यामुळे मला हे नीट माहीत आहे. रोज एक भाग टाका आणि प्रत्येक भाग अशा जागी तोडा की वाचक तळमळला पाहिजे. "आणि मग भरती आली…" इथे थांबायचं! दुसऱ्या दिवशी लोक शोधत येतील.

परळकरीण

दादा, नेमकं तेच झालं की. "दरवाजे लावून बंद केली जातात" इथे थांबले आणि लोक तळमळले. फक्त पुढचा भाग वाचायला कुणी आलं नाही.

कोडेश्वर

तोडायचं काम हाताने करूच नका, छोटी स्क्रिप्ट लिहा. पण त्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या, मराठीत २८० म्हणजे आपल्याला वाटतात तेवढी अक्षरं नसतात. एक्स काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण, सगळं वेगवेगळं मोजतं. पायथनही तसंच मोजतं, त्यामुळे ताडून पाहता येतं:

```python
len("पर्जन्यवाहिन्या")   # 15
```

डोळ्यांना सहाच अक्षरं दिसतात, मोजणीत १५ होतात. म्हणून मराठी मजकुराचे जेमतेम चाळीस शब्द एका पोस्टमध्ये मावतात. लिंक कितीही लांब असो, २३ धरतात. इमोजीला दोन. थ्रेड्सवर मर्यादा ५०० ची आहे, मास्टोडॉनवर साधारणतः तेवढीच. ब्लूस्कायवर ३००, पण ते डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांच्या जवळपास मोजतं, म्हणजे मराठीला तिथे बरीच जास्त जागा मिळते.

तेव्हा पूर्णविरामावर तोडणारी आणि २७० च्या पुढे न जाणारी स्क्रिप्ट केली की काम झालं. शेवटी ३/१२ असा आकडा लावा, क्रमाचाही प्रश्न मिटला.

डेस्कवरचा_माणूस

कोडेश्वर, मोजणीचं तुम्ही सांगितलंत ते चोख आहे, आणि ते इथल्या बऱ्याच जणांना माहीत नसतं. पण पूर्णविरामावर तोडण्याचं काम ताईंनी केलंच होतं. त्यांची पाचवी पोस्ट पूर्णविरामावरच संपली होती. व्याकरणाने वाक्य पूर्ण होतं, अर्थ मात्र पुढच्या वाक्यात राहिला होता.

मी एका दैनिकात २६ वर्षं डेस्कवर काढली. आम्ही बातमी खालून कापायचो, कारण जागा कमी पडली की शेवटचा परिच्छेद उडणार हे ठरलेलं असायचं. वार्ताहरालाही ते माहीत असायचं, तो महत्त्वाचं वर लिहायचा. इथली गोष्ट वेगळी आहे. इथे लेख खालून कापला जात नाही, मधूनच कुठूनही उचलला जातो. पाचवी पोस्ट पाहणाऱ्याने चौथी पाहिलेली नसते आणि तो सहावी पाहणार नाही, असं धरूनच लिहायचं.

मी काय करतो ते सांगतो. लेख कागदावर छापून घेतो आणि समासात प्रत्येक वाक्यापुढे ते काय सांगतंय ते दोन शब्दांत लिहितो. तुमच्या पाचवी-सहावीच्या जागी मी लिहिलं असतं: "भरतीत पाणी वर", "दरवाजे बंद", "का बंद", "मग पंप". आता यातलं कुठलं वाक्य एकटं बाहेर पडलं तर खोटं ठरेल, किंवा उलटा अर्थ देईल, ते बघायचं. "दरवाजे बंद" हे एकटं गेलं तर उलटा अर्थ देतं. म्हणजे "का बंद" आणि "मग पंप" यांना त्याच्याशी बांधून ठेवायचं, काही झालं तरी वेगळं करायचं नाही. जागा पुरत नसेल तर "भरतीत पाणी वर" हे मागच्या पोस्टमध्ये ढकला, चालेल, ते एकटं गेलं तरी कुणाचं काही बिघडत नाही.

आधी या गाठी पाडायच्या, अक्षरं नंतर मोजायची. उलट केलंत तर मर्यादा जिथे येईल तिथे गाठ सुटते.

मालती_गिरगाव

माझं पण असंच झालं होतं हो! मी उकडीच्या मोदकांची कृती सहा पोस्टींत फेसबुकच्या पानावर टाकली, आधी नारळ-गूळ, मग उकड, मग पाऱ्या, अशी ओळीने. पानावर शेवटचं आधी दिसतं ना! माझ्या नागपूरच्या नणंदेने वरून खाली वाचलं. फोन करून विचारते, "वहिनी, मोदक आधीच वाफवले, मग ही उकड कशाची काढायची?"

व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला मात्र बरोबर येतं, जुनं आधी मग नवं. तेव्हापासून मी कृती स्टेटसलाच ठेवते. पण ते दुसऱ्या दिवशी जातं. मग परत ठेवायचं.

डेस्कवरचा_माणूस

मालतीताई, तुमचं उदाहरण इथे अगदी कामाचं आहे. पाककृतीत क्रम कर्त्याने दिलेला असतो, तो नसला की पदार्थच बिघडतो. काकांच्या लेखात क्रम कारणांचा आहे: जागा खोलगट, म्हणून पाणी गोळा होतं, ते नेणाऱ्या वाहिन्या अपुऱ्या, त्यात भरती, म्हणून दरवाजे, म्हणून पंप. आकडा नसला तरी वाचणाऱ्याला हा क्रम कळायला हवा.

यासाठी एक साधी युक्ती आहे. गाण्याच्या भेंड्या आठवा. समोरच्याचं गाणं ज्या अक्षरावर संपतं तिथून आपण उचलतो. इथे अक्षराऐवजी नाम घ्यायचं. मागची पोस्ट "पर्जन्यवाहिन्यांत" येऊन थांबली असेल तर पुढची "पर्जन्यवाहिन्या" या शब्दाने सुरू करायची, "त्या" ने नाही. एकटं वाचणाऱ्याला विषय काय ते समजतं आणि ओळीने वाचणाऱ्याला दुवा मिळतो. एकाच शब्दात दोन्ही कामं होतात.

म्हणून कापून झाल्यावर मी फक्त प्रत्येक पोस्टचा पहिला शब्द वाचत जातो. ते, त्या, तिथे, कारण, पण, मग, अशा वेळी, वर म्हटल्याप्रमाणे. यातलं काही सापडलं की पेन्सिलीने खूण. सगळे शब्द काढावे लागतात असं नाही. "म्हणून" वाक्याच्या मध्यात असेल आणि कारण त्याच पोस्टमध्ये असेल तर त्याचं काही वाईट नाही. पहिलाच शब्द मागच्या पोस्टकडे बोट दाखवत असेल तर मात्र तो बदलायचा.

परळकरीण

आत्ता माझ्या बारा पोस्टींचे पहिले शब्द काढून पाहिले. हिंदमाता, तिथलं, त्या, पण, भरती, कारण, मग, त्यासाठीच, तरीही, २००५, या, असो.

"असो" ने पोस्ट सुरू केली होती मी. बारावी.

कोडेश्वर

असो 😄

ठीक आहे, माघार. पण हे पहिले शब्द शोधायचं काम तरी स्क्रिप्टला द्या. सर्वनामं आणि जोडशब्द यांची यादी दिली की ती खुणा करून देईल. बदलायचं तुम्ही.

डेस्कवरचा_माणूस

तेवढं चालेल. खुणा करू दे, बदल नको.

परळकरीण (मंगळवार, रात्री ११.१५)

काल रात्री बसून परत केलं. बाराच्या आठ झाल्या. पहिल्या चार अशा:

पहिली: "हिंदमाता चौक बशीसारखा खोलगट आहे. आजूबाजूच्या उंच भागांवर पडलेलं पावसाचं पाणी उतारावरून तिथे येऊन थांबतं. ते बाहेर नेण्याचं काम जमिनीखालच्या पर्जन्यवाहिन्या करतात."

दुसरी: "मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरून आखलेल्या होत्या, आणि तेही समुद्राला ओहोटी असताना. त्याहून जोराचा पाऊस झाला की पाणी रस्त्यावर राहतं. भरती असेल तर आणखीच."

तिसरी: "भरतीच्या वेळी समुद्र पर्जन्यवाहिन्यांच्या तोंडापेक्षा वर चढतो. तोंड उघडं राहिलं तर समुद्राचं पाणी शहरात शिरेल, म्हणून तेव्हा दरवाजे बंद करतात आणि आत साठलेलं पावसाचं पाणी पंपांनी समुद्रात फेकतात."

चौथी: "पंपांनी पाणी समुद्रात फेकण्यासाठी पालिकेने उदंचन केंद्रं बांधली. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर ही त्यांतली काही. हिंदमाताच्या पाण्यासाठी रे रोडचं ब्रिटानिया केंद्र महत्त्वाचं."

तिसरी म्हणजे जुन्या पाचवी, सहावी आणि सातवीची मिळून एक. कोडेश्वरच्या पद्धतीने मोजली, १९४ झाली. मला वाटलं होतं मावणारच नाही.

ओहोटी_भरती

मी या क्षेत्रात काम केलं आहे, म्हणून एक सांगतो. तिसरी वाचून कुणालाही वाटेल की मुंबईतल्या प्रत्येक वाहिनीच्या तोंडाशी दरवाजा आहे. तसं नाही. जिथे पंप आहेत तिथे दरवाजे लावून पाणी उपसता येतं. बाकी अनेक ठिकाणी भरतीत पाणी आपसूकच अडतं आणि ओहोटी लागेपर्यंत वाट बघावी लागते. तुमच्या काकांना हे नक्की माहीत असणार, लेखात पुढे कुठेतरी असेलही. पण ही पोस्ट एकटी फिरली तर चूक ठरेल.

परळकरीण

लेखात आहे! तीन परिच्छेद पुढे. आता "म्हणून उदंचन केंद्रांवर तेव्हा दरवाजे बंद करतात" असं केलं. २११ झाली.

डेस्कवरचा_माणूस

ओहोटी_भरती, हे तुम्ही चांगलं पकडलंत. लेखात विधान एका जागी आणि त्याची मर्यादा दुसऱ्या जागी असू शकते, कारण वाचक दोन्ही वाचणार असतो. पोस्टीत मर्यादेला विधानाच्या घरातच राहायला लागतं. दोन शब्दांत का होईना. "उदंचन केंद्रांवर" एवढंच पुरलं बघा, वेगळं वाक्य लागलं नाही.

ताई, पुढच्या पोस्टींत भूमिगत टाक्यांचा उल्लेख असेल तर तिथेही हेच तपासा.

परळकरीण

आहे. सहावी: "हिंदमाताचं पाणी भरती उतरेपर्यंत साठवून ठेवायला पालिकेने भूमिगत टाक्या बांधल्या, एक दादरला प्रमोद महाजन कला पार्कखाली, दुसरी परळला सेंट झेवियर्स मैदानाखाली. साठलेलं पाणी नंतर उपसून बाहेर सोडतात."

आणि काकांचं पुढचं वाक्य मी सातवीत ठेवलं होतं: "टाकी कितीही मोठी असली तरी पाऊस तासन्‌तास थांबला नाही तर तीही भरते."

ओहोटी_भरती

आता तुम्हीच बघा सहावीचा स्क्रीनशॉट कसा फिरेल. "टाक्या बांधल्या म्हणे, मग काल पाणी का तुंबलं?"

परळकरीण

😣 कळलं. "नंतर उपसून" ची शब्दरचना आवळून ते वाक्य आत आणते. सातवी मग उरतच नाही, सात पोस्टी होतील.

क्रमशः_आवडे

माझं अजूनही म्हणणं आहे की तुम्ही सगळं इतकं पूर्ण-पूर्ण करून ठेवलंत तर पुढची वाचायची कुणाला गरज काय? ओढ नको का? मालिकेला ओढ लागते.

डेस्कवरचा_माणूस

तुमचा आक्षेप चुकीचा नाही. अडवून धरलं तरच ओढ लागते असं मात्र नाही. पहिल्या पोस्टचा शेवट बघा, "ते बाहेर नेण्याचं काम जमिनीखालच्या पर्जन्यवाहिन्या करतात." वाक्य पूर्ण आहे, एकटं खरं आहे. तरी वाचणाऱ्याच्या मनात येतं की मग त्या का कमी पडतात? प्रश्न उभा राहिला म्हणजे पुरे. उत्तराचा निम्मा भाग दाबून ठेवायची गरज नाही.

कथेत तुमचं तंत्र चालेल. जिथे अर्धी माहिती कुणाला शिव्या खायला लावू शकते तिथे मी ते करणार नाही.

मालती_गिरगाव

पण प्रत्येक पोस्टला "हिंदमाता", "पर्जन्यवाहिन्या" परत परत लिहिलं की ओळीने वाचणाऱ्याला कंटाळा नाही का येत? मी मोदकात प्रत्येक वेळी "आता आपण तांदळाच्या पिठीची जी उकड काढली होती ती उकड" असं लिहिलं तर सून म्हणाली, आई, बास.

डेस्कवरचा_माणूस

येतो, आणि ते खरं दुखणं आहे. मी स्वतःला अर्ध्या वाक्याचीच मुभा देतो. एखादं नाम, फार तर एखादं विशेषण. मागची अख्खी गोष्ट परत सांगावीशी वाटली तर समजायचं की चुकीच्या जागी कापलंय, ते दोन तुकडे मुळात एकच आहेत. तुमची सून बरोबर आहे, "उकड" एवढं पुरेल.

कोडेश्वर

टाकण्याबद्दल एक सांगायचं राहिलं होतं, आणि यात मी नक्की बरोबर आहे 🙂 ताई, मागच्या वेळी तुम्ही दुसरीपासून पुढच्या सगळ्या पोस्टी पहिलीलाच उत्तर म्हणून टाकल्या होत्या का?

परळकरीण

हो. पहिली पोस्ट, आणि तिच्याखाली अकरा.

कोडेश्वर

मग ती साखळी झालीच नाही, तो झाला खराटा. एका दांड्याला अकरा काड्या. पहिलीखाली कुठलं उत्तर वर दाखवायचं हे मग तिथली यंत्रणा ठरवते, तुम्ही टाकलेला क्रम ती पाळेलच असं नाही. पाचवीला लोकांनी जास्त उत्तरं दिली असतील तर ती वर चढली असेल, हेही स्क्रीनशॉटमागचं एक कारण असू शकतं.

दुसरी पहिलीला, तिसरी दुसरीला, चौथी तिसरीला, असं शेवटच्या पोस्टला उत्तर देत जायचं. त्याहून सोपं म्हणजे लिहायच्या खिडकीतच अधिकच्या खुणेवर दाबून सगळ्या आधी लिहून घ्या आणि एकदम सोडा. सोडण्यापूर्वी सगळ्या वाचा, कारण मधली एखादी नंतर काढून टाकली तर साखळीला भोक पडतं आणि त्या जागी नवी घालता येत नाही. तिथून खालचं सगळं काढून परत टाकावं लागतं.

परळकरीण

अरे देवा. खराटा. काकांना हे सांगणार नाही.

डेस्कवरचा_माणूस

टाकण्याआधी एक परीक्षा घ्या. सातही पोस्टी कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहा, आकडे घालू नका. पत्त्यांसारख्या पिसा. ज्याने लेख वाचलेला नाही अशा कुणाला तरी आधी एकच चिठ्ठी द्या आणि विचारा, काय कळलं? मग सगळ्या द्या आणि सांगा, ओळीने लाव. पहिल्या प्रश्नाला अडखळला तर ती चिठ्ठी स्वतंत्र नाही. दुसऱ्याला अडखळला तर क्रम मजकुरात नाही, तुमच्या आकड्यांतच होता.

परळकरीण (बुधवार, रात्री १०.०५)

परीक्षा घेतली. आई आणि खालच्या मजल्यावरचा कॉलेजात जाणारा मुलगा.

एकेकट्या चिठ्ठ्या दोघांनाही कळल्या. आईने तिसरी वाचून लगेच म्हटलं, "म्हणजे दरवाजे लावतात ते आपल्यासाठीच." मला रडूच यायचं बाकी होतं.

ओळीने लावताना पहिल्या तीन दोघांच्या बरोबर लागल्या. टाक्यांची चिठ्ठी आईने पंपांच्या आधी ठेवली. तिचं म्हणणं, आधी साठवणार मग उपसणार ना. विचार केल्यावर मला तिचं पटलं, पाण्याचा प्रवास तसाच आहे. पण काकांनी पंप आधी घेतलेत, कारण पंप पुरेनात म्हणून टाक्या आल्या. म्हणून टाक्यांच्या चिठ्ठीची सुरुवात बदलली: "पंप असूनही हिंदमाताला पाणी तुंबत राहिलं, म्हणून…" आईला परत दिली, या वेळी बरोबर लागली.

आणि एक चिठ्ठी दोघांनीही हातात धरून ठेवली. ती कुठे ठेवायची ते कळेना. ती ही: "२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्याला ७५ सुद्धा झाला नाही."

आईने ती पहिली ठेवली, मुलाने शेवटची.

ओहोटी_भरती

कारण ती कुठल्याच कारणाच्या ओळीत बसत नाही. आकडे बरोबर आहेत. पण हिंदमाता सांताक्रूझलाही नाही आणि कुलाब्यालाही नाही. त्या दिवशी हिंदमाताला किती पडला हे त्यातून कळतच नाही. एकाच शहरात किती फरक असू शकतो एवढं कळतं, आणि तो वेगळा लेख आहे.

डेस्कवरचा_माणूस

दोघांनी दोन टोकांना ठेवली म्हणजे ती काढून टाकावी, असं माझं मत. लेखात अशी वाक्यं खपतात. लेखक बोलता बोलता खिडकीबाहेर बघतो, वाचकही बघतो, मग दोघं परत येतात. साखळीत अशी कडी दोन्हीकडून सुटी राहते.

क्रमशः_आवडे

काढू नका! २६ जुलै म्हटलं की मुंबईचा माणूस थांबतो. सगळ्यांत जास्त वाचली जाईल तीच. मी स्वतः त्या दिवशी कुर्ल्याहून मुलुंडपर्यंत चालत गेलो होतो, रात्री तीनला पोचलो. रुळांवरून, एका हातात चपला.

परळकरीण

काकाही हेच म्हणतात. ती काढली तर माझं नाव काढ म्हणाले. मी त्यांना सांगितलं की पंचवीस मिलिमीटरच्या पोस्टमध्ये जोडून बघते: वाहिन्या २५ धरून आखलेल्या, आणि मुंबईत ९४४ पडल्याचाही दिवस आहे. पण एक तासाचा आकडा आणि एक २४ तासांचा, शेजारी ठेवले की लोक सरळ भागाकार करणार.

ओहोटी_भरती

करणारच. शेजारी ठेवू नका.

डेस्कवरचा_माणूस

मग साखळीबाहेर ठेवा. त्याच दिवशी, वेगळी, स्वतंत्र पोस्ट. काकांचं नाव दोन्हीकडे.

परळकरीण

विचारते त्यांना. आकड्यांचं काय करू? १/६ घालू की नको?

कोडेश्वर

घाला. किती आहेत ते कळलं की माणूस शेवटपर्यंत जातो. मी स्वतः जातो.

डेस्कवरचा_माणूस

मी घालत नाही. ३/६ दिसलं की एकट्या पोस्टला आपण अर्धवट आहोत असं स्वतःच कबूल केल्यासारखं होतं, आणि उद्या एक वाढवावी लागली तर सगळे आकडे खोटे. पण कोडेश्वरसारखे वाचक आहेत हेही खरं.

ओहोटी_भरती

मला तर स्क्रीनशॉटसाठी आकडा हवा वाटतो. निदान बघणाऱ्याला कळतं की याच्या मागेपुढे काहीतरी आहे.

थेट_मुद्दा

आणि शेवटच्या पोस्टमध्ये लिंक टाका. २३ अक्षरांत मावते म्हणता ना.

परळकरीण (गुरुवार, सकाळी ८.२०)

टाकली. सहा पोस्टींची साखळी, आकडे घालून, लिंक शेवटी. २६ जुलै वेगळी. काकांनी परवानगी दिली, पण त्यांचं म्हणणं, ती वेगळी टाकायची तर आणखी तीनशे शब्द लिहून देतो.

मालती_गिरगाव

ते तीनशे आले की सांगा हो. आणि ती खराट्याची गोष्ट जरा परत सांगा कुणीतरी, मला वाटतं माझे मोदक पण खराट्यावरच आहेत.